थांबवावे, पण हातात काही देऊ नये

चाकणच्या आपल्या कारखान्यात सात वर्षे टूलरूम सांभाळणाऱ्या अभियंत्याने राजीनामा दिला आहे, आणि कोणत्या डायचे कोणते ड्रॉइंग शेवटचे हे त्याच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, अशा वेळी त्याला थांबवण्यासाठी द्यावयाच्या पत्रात ही गोष्ट चुकूनही येऊ देऊ नये. ‘आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो’ अशी सुरुवात करावी. आदर दाखवायला खर्च येत नाही. आदल्या रात्री अकरा वाजता आपण त्याला तीन वेळा फोन केला होता, तो पत्रात धरला जात नाही.

खरी कारागिरी आकड्यात आहे. ‘वार्षिक पॅकेजमध्ये दोन लाखांची वाढ’ हे शब्द ठळक छापावेत. त्यांतील एक लाख हा थांबल्याबद्दलचा बोनस, तो वर्षभराने मिळणार आणि दोन वर्षांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागणार. चाळीस हजार कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून ठेवावेत. ती कामगिरी कशी मोजायची, हे लिहू नये. उरलेल्या साठ हजारांचे महिन्याला पाच हजार होतात. त्यांतील निम्मे मूळ वेतनात धरले, की त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधी तीनशे, ग्रॅच्युइटीचे सुमारे एकशे वीस आणि त्याच्या स्वतःच्या हिश्शाचे तीनशे वजा होऊन बिचाऱ्याच्या हाती प्राप्तिकराआधी चार हजार दोनशे ऐंशी पडतात. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षे पूर्ण झाल्यामुळे तो आज गेला तरी कायद्याने त्याला मिळणारच आहे. तरीही तिची तरतूद वाढीतच मोजावी.

पदाबाबत उदार असावे. ‘वरिष्ठ’ हा शब्द जोडायला कोणाची मंजुरी लागत नाही. मात्र हाताखाली दोन माणसे देण्याचे आणि रविवारी न बोलावण्याचे त्याचे जुने मागणे ‘योग्य वेळी विचाराधीन राहील’ असे लिहावे, कारण तो जातो आहे तो मुख्यतः त्यासाठीच, आणि मूळ कारणाला हात घातला तर पत्र फार स्पष्ट होते.

वाढ कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे मोघम ठेवावे, पण उत्तराची मुदत उद्या संध्याकाळी पाचची द्यावी. आपल्याला घाई नाही, असे त्याला वाटले पाहिजे. खाली ‘व्यवस्थापनाच्या अंतिम मंजुरीच्या अधीन’ ही ओळ बारीक अक्षरात घालून सही मात्र व्यवस्थापनातल्या कोणाचीच घेऊ नये.

पत्र मिळताच तो मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटे काहीतरी करील, ‘साहेब, हे चार हजार कोणत्या महिन्यापासून?’ एवढेच विचारील आणि सूचनाकाळाचे उरलेले दिवस मोजू लागेल. तेव्हा त्याच्या जागेसाठी जाहिरात काढावी. तिच्यात पगार लिहिताना मात्र जपावे. बाजारभावाने तो त्याने मागितलेल्यापेक्षा जास्त निघतो, आणि जाहिरात तोही वाचतो.