वर गेलेला वक्र आणि महागलेली सुरमई

"आलेखाचा फोटो काढा, खालची ओळ जशीच्या तशी उतरवा, झाल्या नोट्स. वक्र वर गेला म्हणजे वाढ, खाली आला म्हणजे घट. भाव वाढला की मागणी कमी होते, तेव्हा मागणीचा वक्रही डावीकडे सरकवा."

अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या आलेखांच्या नोट्स कशा काढायच्या, यावर मुलांना मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण मार्क सगळ्यात जास्त तिथेच जातात.

समजा फोटोत सुरमईच्या बाजाराचा आलेख आहे. क्ष अक्षावर माल किलोत, य अक्षावर भाव. मागणीचा एकच वक्र मम, पुरवठ्याचे दोन, पप आणि प१प१. खाली ओळ: 'पावसाळी बंदीमुळे पुरवठा घटला, किंमत वाढली व मागणी कमी झाली.' आता उदाहरणापुरते आकडे घेऊ. बंदीआधी मालवणच्या बाजारात भाव किलोला ६०० रुपये, खप १०० किलो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंद. बिगरयांत्रिक होड्या आणि बर्फातला साठा असतो, म्हणून पुरवठा शून्यावर येत नाही, पण ६०० च्या भावाला आता १० किलोच माल येतो. गिऱ्हाईक मात्र त्या भावाला अजून १०० किलो मागतंय. या ९० किलोंच्या तुटवड्याने भाव चढतो. तो चढत गेला की थोडे जण बांगड्याकडे वळतात आणि विकणाराही साठवलेला माल बाहेर काढतो. भाव ८०० ला पोचला की मागणी ६० किलो, पुरवठाही ६० किलो. तिथे नवा समतोल.

मागणी १०० वरून ६० वर आली हे खरं. पण ती मम याच वक्रावरून वर सरकत आली. पाठ्यपुस्तकात याला मागणीतला संकोच म्हणतात. ऱ्हास म्हणजे किमतीखेरीज दुसऱ्या कारणाने, उदाहरणार्थ उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे, अख्खा वक्र डावीकडे जाणं. ओळीतल्या 'मागणी कमी झाली' या शब्दांत हा फरक दिसत नाही, आलेखात दिसतो: मागणीचा दुसरा वक्र काढलेलाच नाही. तरीही हट्टाने मागणीचा वक्रही ९० किलोने डावीकडे नेऊन बघा. ६०० ला मागणी १०, पुरवठा १०. भाव हललाच नाही! मग ओळीतलं 'किंमत वाढली' कुठून आलं?

'वर म्हणजे वाढ' हे मागणीच्या वक्रापुरतं चालून जातं आणि पुरवठ्यापाशी दगा देतं. पुरवठ्याचा वक्र डावीकडून उजवीकडे चढतो, त्यामुळे तो डावीकडे सरकला की डोळ्यांना वर गेल्यासारखा दिसतो. प१प१ हा पप च्या वर आहे आणि पुरवठा घटला आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. म्हणून वर-खाली बघूच नका. ६०० च्या पातळीवर आडवी पट्टी ठेवा आणि ती दोन्ही वक्रांना कुठे छेदते ते वाचा: पप ला १०० वर, प१प१ ला १० वर. हे ९० किलो म्हणजे वक्राचं सरकणं. खपातली घट मात्र ४० किलोच. या दोन आकड्यांची अदलाबदल चांगली मुलंही करतात.

राहिला फोटो. तिरका काढला तर समतोलापासून अक्षांपर्यंत जाणाऱ्या तुटक रेषा कलतात आणि अंदाजाने वाचलेला आकडा चुकतो. अक्षावर छापलेला आकडाच घ्या. त्याहून वाईट म्हणजे प१ मधला बारीक १ पुसट होणं, कारण मग मूळ वक्र कुठला ते कळत नाही. तेव्हा खालची ओळ कामाला येते: भाव वाढला असेल तर ८०० चा बिंदू नवा. ओळ उतरवायची ती अशी पडताळणीसाठी. वहीत जायला हवं ते असं:

'कारण: मासेमारी बंदी. पुरवठ्यात ऱ्हास, पप डावीकडे प१प१. जुन्या भावाला तुटवडा, म्हणून भाव ६०० वरून ८००. मम जागेवर, त्यावरच मागणीचा संकोच, १०० वरून ६०.'

एका ठिकाणी आलेखावरही पूर्ण भरवसा नको. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात जातात आणि त्याच सुमाराला श्रावण पाळणारी घरं मासे बंद ठेवतात. पुरवठा उजवीकडे, मागणी डावीकडे. भाव उतरणार हे नक्की. खप वाढेल की घटेल हे कुठला वक्र जास्त सरकला यावर ठरतं, आणि आलेख काढणाऱ्याने त्यातली एकच शक्यता चितारलेली असते. अशा फोटोखाली 'खप घटला' असं छापलेलं असलं, तरी नोट्समध्ये 'भाव निश्चित घटतो, खप अनिश्चित' असंच लिहा.