पोछ्याचा दांडा

"सर, सोयाबीन काढायलाव का?"

काल संध्याकाळी परभणीच्या एका जिममध्ये, वीसेक पोरांसमोर, मला हे विचारलं गेलं. मी डेडलिफ्ट मारत होतो, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार वाकून उचलत होतो. अजून राग जात नाही, कारण आरशात बघितलं तर खरंच सोयाबीन काढत होतो.

ट्रेनर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "खाली बसा सर, खाली." बसलो. गुडघे पुढे आले, बार नडगीवर घासला, कातडी सोलली. महिन्याला आठशे रुपये देतो मी याचे!

विचारणारे मामा भाच्याला सोडायला आले होते. तोंडात सुपारी, पायात चप्पल, बूड कूलरसमोर. "गादी सरकली व्हती माझी," त्यांनी कमरेवर थाप मारली. "फिजिओच्या मॅडमनी महिनाभर हेच करून घेतलं." एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या पोछ्याचा दांडा उपसला आणि माझ्या पाठीवर उभा धरला. दांड्याला फिनेलचा वास येत होता. डोक्याची मागची बाजू, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. एक जरी सुटलं, तर पाठ गोल झाली.

"आता सांगा, दोन्ही हातांत चहा असल्यावर दार कशानं लोटताव?"

मी गप्प.

"सांगा की."

"...ढुंगणानं."

पोरं खिदळली. पण लोटल्यावर कळलं. भिंतीपासून वीतभर पुढं उभं राहून, गुडघे जरासे सैल सोडून, ढुंगण मागं भिंतीला टेकवायचं. नडग्या जवळजवळ उभ्याच राहतात आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणतात. वाकायचं असं काही नसतंच, कंबर मागं गेली की धड आपोआप पुढं येतं. बार गुडघ्याखाली न्यायचा तेव्हा कुठं गुडघे वाकवायचे. आठ वर्षं खाली वाकतोय मी!

तरी निम्म्या नडगीच्या खाली गेलं की दांडा माकडहाडापासून सुटायचाच. मामांनी बारकडं बघितलं. "ह्या काय पोळपाटाच्या चकत्या लावल्याव?"

मुद्दा तोच होता. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमच्या दहा किलोच्या प्लेटा जेमतेम फूटभर, त्यामुळं बार पार घोट्याच्या वर चार बोटं. तिथवर माझ्या शिरा पुरतच नाहीत, मग उरलेलं अंतर बिचारी पाठ गोल होऊन भरून काढते. प्लेटांखाली दोन्हीकडं एकेक वीट सरकवली की काम झालं. मामांनी बाहेरून विटा आणल्यासुद्धा. उचललं, दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला.

तेव्हा ट्रेनरनं पहिल्यांदा मान वर केली.

"सर, विटा आत आणायच्या नाहीत. फरशी खराब होते."