सायक्लिक शिफ्टच्या पुराव्यावर ‘हातचलाखी’चा आरोप: माझं उत्तर

> “लेख वाचला. सायक्लिक शिफ्टचा पुरावा म्हणजे हातचलाखी आहे. ज्या यंत्राला मागचं काही आठवत नाही, ते मधली स्टेट आधीच ओळखतं कसं आणि शेवटपर्यंत लक्षात ठेवतं कसं? शफलमध्ये अक्षरं एकाआड एक येतात हेही चूक आहे. आकृत्या धड दिसत नाहीत. विषय समजल्याशिवाय लिहू नये.” – एक वाचक

नमस्कार.

रेग्युलर भाषा, म्हणजे ठरावीक स्टेट (अवस्था) असलेल्या यंत्राने ओळखता येणारी भाषा, सायक्लिक शिफ्ट किंवा शफल केल्यावरही रेग्युलरच राहते, असं माझ्या लेखात दाखवलं होतं. शफलबद्दलची तुमची दुरुस्ती बरोबर आहे आणि मी ती लेखात केली आहे. दोन स्ट्रिंगचं शफल म्हणजे दोन्हींची अक्षरं आपापला क्रम न मोडता एकमेकांत मिसळणं. `ab` आणि `cd` यांच्या शफलमध्ये `acbd` येते, तशीच `abcd`ही येते. ‘एकाआड एक’ हे शब्द माझ्याकडून घाईत गेले. पण एका शब्दप्रयोगावरून ‘विषय समजल्याशिवाय लिहू नये’ इथवर जाणं मला पटलेलं नाही. एकवीस वर्षं हा विषय शिकवतोय. चूक दाखवणाऱ्याचे मी दर वेळी आभारच मानले आहेत. ‘हातचलाखी’ म्हणजे मात्र फसवणूक, आणि ती मी केलेली नाही.

तुमचा प्रश्न मला नवीन नाही. विद्यार्थी असताना तोंडी परीक्षेत मी हीच रचना सांगितली होती. परीक्षक म्हणाले, “अंदाज करणारं यंत्र? पुढे.” मला उत्तर देता आलं नाही आणि गुण गेले. त्या रात्री वहीच्या पानावर तीच आकृती तीन वेळा काढली, प्रत्येक आकृतीवर एकेक नाणं ठेवलं आणि स्ट्रिंगचं एकेक अक्षर वाचत नाणी सरकवत बसलो. ते पान अजून माझ्याकडे आहे, नाण्यांभोवती पेन्सिलीने काढलेल्या गोलांसकट. तुम्हीही तेच करून पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे पूर्ण लिहितो.

भाषा घ्या `ab*c`: एक `a`, मग हवे तितके `b`, मग एक `c`. स्टेट तीन. 0 ही सुरुवात, `a` वाचला की 1, 1 वर `b` आला तर तिथेच, `c` आला की 2, आणि 2 ही अंतिम. बाकी कुठलंही अक्षर आलं की वाट संपली. सायक्लिक शिफ्ट म्हणजे भाषेतली स्ट्रिंग `uv` अशी कुठेही तोडायची आणि `vu` अशी जोडायची. आपल्याला `vu` वाचणारं यंत्र हवंय.

अडचण उघड आहे: यंत्रापुढे आधी येतो `v`, आणि `u` नंतर. मूळ यंत्राने `u` वाचून जिथे पोचायचं, तिथून `v` सुरू व्हायला हवा, पण `u` तर अजून वाचलेलाच नाही. इथेच तुमचं ‘आधीच ओळखतं कसं’ येतं. तर, ते ओळखत नाही. `u` कोणता होता याच्याशी `v`ला काही देणंघेणं नसतं. `u` वाचून मूळ यंत्र कोणत्या स्टेटला पोचलं, एवढ्याशीच त्याचा संबंध असतो. अशा स्टेट तीनच आहेत. म्हणून तिन्ही शक्यतांसाठी यंत्राच्या तीन स्वतंत्र प्रती करायच्या. q क्रमांकाची प्रत q पासून सुरू होते. अंतिम स्टेटला आली की काहीही न वाचता ती दुसऱ्या टप्प्यात 0 वर उडी मारू शकते. स्ट्रिंग संपताना ती दुसऱ्या टप्प्यात असेल आणि नेमकी q वर असेल, तरच ती स्वीकारते. तीनपैकी एक प्रत स्वीकारते म्हटलं की स्ट्रिंग स्वीकारली.

`bcab` वाचून बघा. प्रत 0 सुरुवातीलाच `b`वर अडते, कारण 0 वरून `b`ची वाट नाही. प्रत 2 अंतिम स्टेटमध्येच सुरू होते, तिथून `b` वाचता येत नाही, आणि उडी मारून 0 वर आली तरी तिथेही येत नाही. प्रत 1 मात्र `b` वाचून 1 वरच राहते, `c` वाचून 2 वर जाते, उडी मारून 0 वर येते, `a` वाचून 1, `b` वाचून पुन्हा 1. सुरुवात 1, शेवट 1. स्वीकारली. मूळ स्ट्रिंग होती `abbc`, तोडलेली `ab` आणि `bc` अशी. सगळ्या स्ट्रिंग गोळा केल्या की मिळतं `ab*c` किंवा `b*cab*`, आणि ते रेग्युलर आहे हे कुणालाही दिसेल.

आता ‘लक्षात ठेवतं कसं’. q कुठे लिहून ठेवलेला नसतो. यंत्र कोणत्या प्रतीत आहे, हीच त्याची आठवण. स्ट्रिंग दहा अक्षरांची असो की दहा लाखांची, प्रती तीनच राहतात. मूळ यंत्राला n स्टेट असतील तर n प्रती, प्रत्येकीचे दोन टप्पे, टप्प्यात n स्टेट, म्हणजे 2n², आणि वर एक नवी सुरुवात. आपल्या उदाहरणात 19. मर्यादित यंत्राला वाढत जाणारी आठवण नसते, हे तुमचं खरं आहे. पण ठरावीक आकाराची आठवण असते, आणि स्टेट म्हणजे दुसरं तरी काय?

उलट, q विसरलात तर काय होतं ते पाहा. तिन्ही प्रती एकत्र करा आणि शेवटी q जुळतो की नाही हे तपासणं सोडून द्या. मग `bc` स्वीकारली जाते: 1 पासून `bc`, उडी मारून 0 वर, आणि तिथेच शेवट. त्या स्ट्रिंगमध्ये `a` नाहीच! स्ट्रिंग फिरवल्याने अक्षरांची संख्या बदलत नाही. म्हणून स्वीकारलेल्या स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त दिसलं, की q कुठेतरी हरवलाय हे समजावं. माझ्या वर्गात ही चूक दर वर्षी होते आणि याच खुणेने सापडते.

‘अंदाज’ या शब्दावरच राग असेल तर तोही काढून टाकू. तिन्ही नाणी एकदमच सरकवा आणि सगळ्यांच्या जागा मिळून एक स्टेट धरा. असं डीएफए, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच वाट असलेलं यंत्र, अंदाज करत नाही, पण ते अवाढव्य होतं: मूळ यंत्र पूर्ण डीएफए असेल, म्हणजे प्रत्येक स्टेटवरून प्रत्येक अक्षराची वाट असेल, तर पहिल्या टप्प्याच्या n^n जागा आणि दुसऱ्याचे 2^(n²) संच. n = 3 ला गुणाकार 27 × 512, म्हणजे 13,824 पर्यंत. रेग्युलर आहे, पण स्वस्त नाही. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

शफलच्या रचनेवर तुम्ही काही म्हटलेलं नाही, त्यामुळे थोडक्यात: स्टेट म्हणजे दोन यंत्रांच्या स्टेटची जोडी, आणि प्रत्येक अक्षराला जोडीतलं एकच यंत्र हलतं. दोन्ही हलवलीत तर छेद मिळतो, शफल नाही. `ab` आणि `ac` यांत पहिला `a` कुणाचा हे कळत नाही, म्हणून दोन्ही वाटा ठेवाव्या लागतात. दोन्ही भाषांची अक्षरं वेगळी असतील तर हा प्रश्नच उरत नाही आणि जोड्यांचं यंत्र आपोआप डीएफए होतं.

आकृत्या फोनवर बारीक दिसतात, मोठ्या करून बघा.

आणि पुराव्यात खोट आहे असं अजूनही वाटत असेल, तर माझ्या यंत्राने चुकीने स्वीकारलेली किंवा नाकारलेली एक स्ट्रिंग लिहून पाठवा. एकच पुरे.