पावसानंतरचं लक्ष्य त्रैराशिकाने का निघत नाही

"डकवर्थ-लुईस म्हणजे निव्वळ घोळ! ५० षटकांत २५०, तर ३० षटकांत १५०, इतकं सोपं गणित आहे. वर पहिल्या संघाने केल्या त्याहून जास्त धावा दुसऱ्याला करायला लावतात. आणि हिशोब खेळाडूंनाही कळत नाही, पंच शेवटी आकडा काढतात."

पावसात अडकलेल्या सामन्याचं लक्ष्य ठरवणाऱ्या डकवर्थ-लुईस पद्धतीबद्दल ही तक्रार नेहमी ऐकू येते. पण त्रैराशिक फक्त षटकं मोजतं, गडी मोजत नाही. गोची तिथेच आहे.

२५०चा पाठलाग घ्या. ३० षटकांत २ बाद १३०, आणि मग पाऊस थांबलाच नाही. त्रैराशिकाने हा संघ हरला. पण आठ गडी हातात असताना उरलेल्या २० षटकांत १२० धावा म्हणजे काही डोंगर नव्हे! डकवर्थ-लुईसच्या छापील तक्त्यात २० षटकं आणि आठ गडी शिल्लक म्हणजे धावा काढण्याचं ५२.४ टक्के भांडवल शिल्लक. खर्च झालं ४७.६ टक्के. २५० चे तेवढे टक्के ११९, म्हणजे १२० केल्या असतील तर जिंकले. आता त्याच ३० षटकांत ५ बाद १५१ असा फलक घ्या. त्रैराशिकाने विजय. तक्ता सांगतो की आता ३८.६ टक्केच उरले, ६१.४ खर्चले, तेव्हा जिंकायला १५४ हव्यात. हा संघ हरला, आणि बरोबरच हरला.

षटकं आणि गडी एकमेकांत कसे गुंतलेत ते शेवटच्या जोडीवर दिसतं. नऊ बाद असताना ५० षटकं उरली काय नि १० उरली काय, तक्ता ४.७ टक्केच देतो. खेळायला माणसंच नाहीत, तर षटकं काय चाटायची? (बाद झालेला सलामीवीर होता की अकरावा, हे मात्र तक्ता बघत नाही. ही खरी उणीव. आणि हल्ली संगणकावरची आवृत्ती पहिल्या डावाची धावसंख्या पाहून टक्के हलवते, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे येतात.)

लक्ष्य वाढण्याचं म्हणाल तर नोव्हेंबर २००८ मधला बंगळुरूचा सामना आठवा. पावसाने डाव कापत कापत २२ षटकांवर आणला आणि भारताने ४ बाद १६६ केल्या. इंग्लंडला २२ षटकांतच १९८ हव्या होत्या. भारताने सुरुवातीला लांबलचक डाव समजून गडी जपले होते; इंग्लंडला पहिल्या चेंडूपासून ठाऊक होतं की दहा गडी २२ षटकांतच उधळायचे आहेत. त्यांनी ८ बाद १७८ केल्या.

राहिला "खेळाडूंनाही कळत नाही"चा मुद्दा. कोणत्या षटकाअखेर किती गडी बाद असताना किती धावा हव्यात, याचा कागद संघांकडे असतो. ३ मार्च २००३ला डरबनमध्ये श्रीलंकेविरुद्ध दक्षिण आफ्रिकेकडेही तो होता. ४५व्या षटकात बाउचरने मुरलीधरनला षटकार मारला, धावा २२९ झाल्या आणि काम फत्ते समजून त्याने शेवटचा चेंडू नुसता अडवला. कागदावरचा २२९ हा बरोबरीचा आकडा होता. पुढे पावसाने खेळ झालाच नाही, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान विश्वचषकाच्या गटफेरीतूनच बाहेर पडले.