हायल्युरॉनिक अ‍ॅसिड लावून चेहरा ओढला जातोय? बाटलीच्या आधी खोलीतली हवा बघा

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला आणि हॅलो न म्हणताच तिने गाल कॅमेऱ्याजवळ आणला. "ताई, हे बघ ना. तू सांगितलंस म्हणून हायल्युरॉनिक सीरम आणलं, रोज दोनदा लावतेय, आणि लावल्यावर पंधरा मिनिटांत चेहरा असा ताणला जातो की हसायला नको वाटतं. डोळ्यांखाली रेषा दिसायला लागल्यात, त्या आधी नव्हत्या."

ती सध्या थंड प्रदेशात राहते, दिवसभर हीटर चालू. मी विचारलं, कसं लावतेस? तर म्हणे तोंड धुते, टॉवेलने खसाखसा कोरडं करते, चहा वगैरे होतो, मग चार-पाच थेंब सीरम, बस. क्रीम? "क्रीम कशाला, सीरम आहे ना."

इथेच सगळं आलं. आणि हे फक्त तिचं नाहीये, मला इतक्या जणी हेच सांगतात की आता सविस्तर लिहितेच.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी तयार करत नाही. ते पाणी धरून ठेवतं. आपल्या शरीरात ते असतंच, 1934 साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं तेसुद्धा गाईच्या डोळ्यातल्या जेलीसारख्या भागातून. बाटलीवर बऱ्याचदा सोडियम हायल्युरोनेट लिहिलेलं असतं, ते त्याचंच मीठ, घाबरू नका. आणि ते "वजनाच्या हजारपट पाणी धरतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण जरा हिशोब करू. 1 टक्क्याचं सीरम धरा. तीन थेंब म्हणजे साधारण 0.15 मिली, त्यात हायल्युरॉनिक अ‍ॅसिड फक्त दीड मिलिग्रॅम, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. म्हणजे आपण चेहऱ्यावर मुळात पाणीच लावतो, थोडं घट्ट केलेलं. ते पाणी हवेत उडून गेलं की गालावर उरतो तो दीड मिलिग्रॅमचा पातळ पापुद्रा. त्याला नव्याने पाणी कुठून मिळणार? हवेतून, पण हवेत असेल तर ना.

आता तिच्या खोलीची हवा बघा. बाहेर शून्य अंश आणि 80 टक्के आर्द्रता, ऐकायला किती दमट वाटतं. पण इतक्या थंड हवेत एका घनमीटरमध्ये वाफ असते जेमतेम 4 ग्रॅम. तीच हवा आत येऊन हीटरने 22 अंशांपर्यंत तापली की तिच्यात 19 ग्रॅमच्या वर वाफ मावू शकते, आणि आहेत तेच 4. म्हणजे आर्द्रता आली 20 टक्क्यांवर. मी तिला आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणायला लावलं, त्यावर आकडा दिसला 21. विमानाच्या केबिनमध्येही साधारण 10 ते 20 टक्केच असते, म्हणून लांबच्या प्रवासात नुसतं सीरम लावून बसलेल्यांचं असंच होतं.

अशा हवेत तो पापुद्रा पटकन वाळतो आणि वाळताना आकसतो. कपड्याला खळ घातली की ओलं असताना मऊ असतं आणि वाळल्यावर कडक होतं ना, अगदी तसं. तो ताण म्हणजे हेच. सीरममधले मोठे रेणू आत जात नाहीत, वरच बसतात, म्हणून हे जास्त जाणवतं.

"ते त्वचेच्या आतलं पाणी शोषून घेतं" असंही सांगतात. मला ते वाक्य अर्धवट वाटतं. त्वचेच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशींच्या थरात पाणी कमी असतं, खालच्या जिवंत थरात 70 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पाणी खालून वर येऊन हवेत उडणं हे सीरम असो नसो चालूच असतं. हवा जितकी कोरडी तितकं ते जोरात. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड हे उडणं थांबवत नाही, एवढाच खरा मुद्दा आहे. आणि आपण सीरम लावलंय या भरवशावर क्रीम सोडून देतो, नुकसान तिथे होतं. वरचा थर 10 टक्के पाण्याच्याही खाली गेला की तो ठिसूळ होतो, पापुद्रे सुटतात, खाज येते.

मग ओल्या त्वचेवर लावा म्हणतात ते खोटं का? नाही, बरोबर आहे, पण अर्धंच. त्याने दोन गोष्टी होतात, सीरम पातळ होऊन सारखं पसरतं आणि वाळायला थोडा वेळ जास्त लागतो. त्या वेळात वर झाकण घातलं नाही तर ओलावाही उडतो आणि आपण परत तिथेच.

हे तिला पटेना म्हणून अर्ध्या अर्ध्या चेहऱ्यावर करून बघायला सांगितलं. चार दिवस डावा गाल ओला ठेवून सीरम, वर काहीच नाही. उजवा गाल कोरडा, त्यावर सीरम आणि लगेच क्रीम. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, डावाच ताणतोय ग! मला तर वाटलं होतं ओला तो जिंकेल." पुढचे चार दिवस दोन्ही गाल ओले, सीरम, क्रीम, आणि तेव्हा उजवा गालसुद्धा आधीपेक्षा मऊ वाटायला लागला. एका चेहऱ्यावरचा अनुभव आहे, मान्य, पण कारण बघितलं तर यात आश्चर्य काही नाही. ओलेपणाने फरक पडतो, झाकणाने त्याहून जास्त पडतो.

तिचं आता असं चाललंय. तोंड कोमट पाण्याने धुवायचं, टॉवेल फक्त टेकवायचा, हाताला ओलसर लागलं पाहिजे पण थेंब ओघळता कामा नये. दोन ते तीन थेंब सीरम, जास्त नाही, कारण जास्त लावलं की वाळून त्याच्या वळ्या सुटतात आणि क्रीम चोळताना खोडरबरच्या चुऱ्यासारखं निघून येतं. मग चेहरा अजून चिकट असतानाच, मिनिटभरात, क्रीम. "सीरम मुरू दे" म्हणून दहा मिनिटं थांबायचं नाही, कोरड्या हवेत ते मुरत नसतं, वाळत असतं. रात्री गालाच्या हाडांवर आणि ओठांच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा अगदी पुसट हात, कारण पाणी उडणं अडवण्यात तिला तोड नाही. मुरुमं येणारी त्वचा असेल तर जाड थर नको.

आणि दुपारी चेहऱ्यावर पाण्याचा स्प्रे मारायची सवय मी तिला आधी बंद करायला लावली. वर क्रीम लावणार नसाल तर ते पाणी दोन मिनिटांत उडतं, हाती काहीच लागत नाही.

बिघडतंय हे ओळखायचं कसं? लावल्यावर दहा-वीस मिनिटांनी गाल फुगवून बघा. ताण असेल, चमक आहे पण हाताला कागदासारखं लागतंय, डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या उठल्यात, तर सीरम उघडं पडलंय. पण चुरचुरत असेल, लाल झालं असेल, भेगा पडल्या असतील तर हा प्रश्न ओल्या-कोरड्याचा राहिला नाही. तेव्हा सीरम पूर्ण बंद, फक्त साधं बिनवासाचं क्रीम, आणि आठवड्यात उतार नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

दमट हवेत, म्हणजे आर्द्रता 60-70 टक्के असताना, हेच सीरम नुसतं लावलं तरी बऱ्याच जणींना छान वाटतं, म्हणून एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही. बहिणीच्या मीटरवर काल 38 दाखवत होतं, हीटर कमी केलाय. तिने विचारलं आता क्रीम बंद करू का. मी म्हटलं थांब, सकाळचं थोडं हलकं कर, रात्रीचं राहू दे, आणि आकडा 50 च्या वर गेला की मला फोन कर.