सातशे एकाहत्तर रुपयांचा पाणउतारा

"तुमचं खातं लिमिटच्या बाहेर गेलंय!" काउंटरवरच्या बाई बोलल्या मला, पण ऐकलं अख्ख्या रांगेने. मी किती बाहेर गेलो होतो? ७७१ रुपये. तेवढ्यावरून पिशव्यावाल्याचा अडीच हजारांचा चेक परत गेला होता आणि चेकपरतीचा आकारही माझ्याच नावे पडला होता.

ओव्हरड्राफ्टची मर्यादा ५ लाख. आदल्या दिवशी उचल ४ लाख ९७ हजार, म्हणजे ३ हजारांची जागा शिल्लक. त्या भरवशावर चेक दिला. मधल्या रात्री बँकेने महिन्याचं ३,७७१ रुपये व्याज त्याच खात्यात नावे टाकलं आणि उचल ५,००,७७१ झाली. व्याज वेगळं मागायला कुणी येत नाही. ते गुपचूप उचलीत मिसळतं, जागा खातं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावरही व्याज चालू! ३,७७१ वर दिवसाला सव्वा रुपया. रक्कम चिल्लर आहे, पण झोंबते.

मी पुटपुटत असताना मागचे काका पुढे सरकले. असे काका प्रत्येक रांगेत असतात. यांच्या हातात पासबुक नव्हतं, छत्री होती.

"व्याज महिनाअखेरच्या बाकीवर लागतं," ते म्हणाले. "मी ३० तारखेला खातं निल करतो आणि एकला पुन्हा उचलतो. व्याज शून्य!"

"शून्य येतं?"

"शून्य म्हणजे... कमी येतं."

"आणि निल करायला पैसे?"

"मेव्हणा देतो. एका रात्रीपुरते."

मला राहवेना. चलनाच्या पाठीवर माझाच महिना मांडला. दर साल १२ टक्के. १ ते १० तारखेपर्यंत उचल ४ लाख : दहा दिवसांचे ४० लाख. पुढचे दहा दिवस अडीच लाख : २५ लाख. शेवटचे दहा दिवस ४ लाख ९७ हजार : ४९ लाख ७० हजार. बेरीज १ कोटी १४ लाख ७० हजार. (आकडा बघून काकांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.) याला १२ ने गुणायचं आणि ३६,५०० ने भागायचं, की ३,७७१ येतात. बँक रोज रात्री फक्त दिवसअखेरची बाकी टिपते आणि महिनाभराच्या अशा बाक्यांची बेरीज करते. महिनाअखेर हा त्यातला एक दिवस, बस्स. सकाळी भरून संध्याकाळी काढलेला पैसाही तिच्या लेखी भरलेलाच नसतो.

"म्हणजे एका रात्रीसाठी निल केलं तर तुमचे वाचतात," मी गुणाकार संपवला, "१६३ रुपये."

काका हिरमुसतील असं वाटलं होतं. "दर महिन्याला?" त्यांनी डोळे बारीक केले. "वर्षाचे जवळजवळ २ हजार की हो!"

हिशेब बरोबर होता, हेच वाईट. पण त्यासाठी बारा वेळा मेव्हण्याकडे पाच लाख मागायचे, आणि परत करताना त्याच्या पाण्याच्या मोटरीचं रडगाणं ऐकायचं, हा खर्च कुठल्या खतावणीत धरायचा?

गल्ल्यातल्या पैशाला मेव्हणा लागत नाही. रोज सरासरी २० हजार रोकड रात्रभर गल्ल्यात झोपत असेल, तर वर्षाला २,४०० रुपये जातात. तीच रोकड बँकेची वेळ संपायच्या आत खात्यात गेली तर उचल त्याच रात्री तेवढी उतरते, आणि सुट्टीला जोडून आलेल्या दिवशी तर नक्कीच भरावी, कारण सुट्टीतही आदल्या दिवशीची बाकी रोज मोजली जाते. दुसऱ्या चालू खात्यात 'अडीअडचणीला' म्हणून लाखभर ठेवणारेही आहेत. तिथे व्याज मिळत नाही आणि इथे १२ टक्के भरायचे! तो लाख ओव्हरड्राफ्टमध्ये टाकला तर दिवसाला ३३ रुपये वाचतात आणि लागला तेव्हा परत काढता येतो. चेकचं मात्र जपून. गिऱ्हाइकाचा चेक पेटीत टाकला म्हणजे पैसे आले असं नाही. तो वटून जमा होईपर्यंत व्याजाचं मीटर चालूच राहतं.

आणि महिनाअखेरीला चार-पाच हजारांची जागा मोकळी ठेवायची. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मंजुरीपत्रात होतं म्हणे, सहाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. लिमिट मिळाल्याचा निरोप फोनवर गोड आवाजात देता येतो, मग "उद्या व्याज पडणार, जागा ठेवा" एवढं सांगायला जीभ का जड व्हावी?

काकांनी चलन घडी करून छत्रीत ठेवलं.

"तुम्हाला मेव्हणा नाही का?" त्यांनी विचारलं. फारच कळवळून विचारलं.