बॅगेवरून वाजणारी बीप आणि सीटखालचा पिवळा कनेक्टर

"शेजारच्या सीटवर बॅग ठेवली तरी बेल्टची बीप वाजते? म्हणजे सीटचा सेन्सर गेला. गाडी उभी असताना गप्प आणि चालू लागल्यावर वाजते, म्हणजे वायरिंग सैल. उपाय सोपा: बकलमध्ये रिकामी क्लिप अडकवा किंवा सीटखालचा पिवळा कनेक्टर काढून टाका. एअरबॅगचा त्याच्याशी काही संबंध नाही. सर्वांना पाठवा."

पाठवलं सर्वांनी. आमच्या मामांनी तर वाचल्या वाचल्या सीटखाली हात घातला, म्हणून हे लिहायला बसलो.

वायरिंगचं आधी संपवतो. सीटबेल्टच्या इशाऱ्याचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 16 दोन टप्पे सांगतो. इग्निशन चालू झालं की निदान दिवा. आवाज नंतर, म्हणजे गाडीने 25 किमीचा वेग ओलांडला, 500 मीटर अंतर कापलं किंवा मिनिटभर चालली, अशा अटींवर. उभ्या गाडीत गप्प राहणं हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे.

बॅगेवरून बीप वाजते, एवढं मात्र खरं. पण सेन्सर गेला म्हणून नाही. बहुतेक गाड्यांत सीटच्या कव्हरखाली पातळ चटई असते. तिच्यात प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे, मध्ये छिद्रं असलेला थर. वरून दाब आला की छिद्राच्या जागी दोन्ही पापुद्रे चिकटतात आणि सर्किट जुळतं. ही चटई वजन करत नाही, तिला फक्त दाब कळतो. समजा लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली मिळून 6 किलोची बॅग आहे. ती 40 बाय 30 सेंमीच्या बाजूवर आडवी ठेवली तर दर चौरस सेंमीला 5 ग्रॅम येतात. तीच 30 बाय 10 च्या बुडावर उभी केली तर 20 ग्रॅम. वजन तेच, दाब चौपट. शिवाय हे संपर्कबिंदू माणूस जिथे टेकतो तिथेच असतात, त्यामुळे सीटच्या कडेला शांत बसलेली बॅग वळणावर सरकली की बीप सुरू होते. चटई मुद्दामच हळवी ठेवतात, कारण बारीक चणीचा माणूस सुटण्यापेक्षा बॅगेला माणूस समजणं परवडतं.

सेन्सर ठीक आहे का, हे पाहायला बॅग उचला. दिवा विझला तर चटई शाबूत आहे. रिकाम्या सीटवरही दिवा राहिला तर सीट ओली झाली आहे का, नवं सीटकव्हर फार आवळून बसवलंय का, हे पाहा, आणि मग वर्कशॉपला जा. काही गाड्यांत दाबाऐवजी विद्युतक्षेत्रावर चालणारे सेन्सर असतात, तिथे ओलावा आणि सीटवर ठेवलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणंही गोंधळ घालतात.

आता तो उपाय, म्हणजे सगळ्यात घातक भाग. "एअरबॅगचा संबंध नाही" हे वाक्य कोणी लिहिलं असेल त्याने पिवळा रंगच का, याचा विचार केलेला नाही. पिवळे कनेक्टर एअरबॅग यंत्रणेचे असतात. पुढच्या सीटखालून बाजूची एअरबॅग आणि बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर यांच्या तारा जातात. एअरबॅगचा कॉम्प्युटर त्या सर्किटचा रोध सतत तपासत असतो. इग्निशन चालू असताना कनेक्टर निघाला की तो लगेच दोष नोंदवतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो. कनेक्टर परत लावला तरी बऱ्याच गाड्यांत नोंद तशीच राहते आणि स्कॅनर लावूनच पुसावी लागते. मामांकडे नेमकं हेच झालं: बीप गेली, लाल दिवा आला.

क्लिप तर याहून वाईट, कारण ती कसलाच दिवा लावत नाही. बकलमधला स्विच कॉम्प्युटरला सांगतो, "बेल्ट लावलाय." अमेरिकेच्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने दिलेली माहिती वाचा. बेल्ट नसलेल्या माणसासाठी पुढची एअरबॅग साधारणपणे 16 ते 19 किमी वेगाने कठीण भिंतीवर आदळण्याइतक्या धडकेला उघडते, तर बेल्ट लावलेल्यासाठी सुमारे 26 किमीला. मधल्या धडकांत बेल्टच पुरेसा असतो. म्हणजे क्लिप अडकवून बिनबेल्टाचा बसलेला माणूस अशा गाडीत 22 किमीच्या धडकेत सापडला, तर कॉम्प्युटर थांबून राहील आणि बेल्टही नसेल. दोन्ही गेले.

काही जण म्हणतील, मग बॅगेलाच बेल्ट लावतो. लावा, बीप थांबेल आणि बॅगही जागेवर राहील. पण मोठ्या धडकेत गाडी त्या बॅगेलाच प्रवासी समजून एअरबॅग उघडू शकते. त्यापेक्षा बॅग डिकीत टाका. हाताशी हवी असेल तर शेजारच्या सीटसमोर खाली ठेवा.